पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?

एका गावच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्हांला चार शब्द बोलायला सांगितले होते. विषय गुरुजींनीच दिला होता : इतिहास कशासाठी शिकायचा? मुले पटांगणात बसली होती. मागे ओट्यावर गावातली काही मोठी माणसेही येऊन बसली होती. बोलणे संपल्यावर त्यांतले एक जण म्हणाले, "हे पोरांना सांगितलंत ते बरं झालं. पण आम्हांलाही वाचायला द्या." म्हणून ते बोलणे जसे झाले तसे येथे देत आहोत.

मुलांनो आणि मुलींनो,

आम्ही आत येताना तुमच्यातल्या एकाला विचारले, "इतिहास आवडतो का रे?" तो म्हणाला, "सनावळ्या पाठ होत नाहीत." खरे आहे त्याचे. आम्हांलाही लहानपणी पाठ होत नव्हत्या. पण आज आम्ही तुम्हांला दोन-तीन सन सांगणार आहोत. ते पाठ करायचे नाहीत. त्यांची वजाबाकी करायची आहे. बेरीज-वजाबाकी सर्वांना येते ना? मग झाले.

तुमच्या गावात एक शब्द तुम्ही रोज ऐकता. वाटेवरून भांडण निघाले, की तो शब्द येतो. पाण्यावरून, बांधावरून, देवळातल्या मानावरून भांडण निघाले, तरी तोच शब्द येतो. तो शब्द म्हणजे 'पूर्वीपासून'. "ही वाट पूर्वीपासून आमची." "इथं पूर्वीपासून तुम्ही बसत नाही." हा शब्द आला, की समोरचा माणूस गप्प होतो. कारण त्याच्या जन्माच्या आधीचे काही तो कसे खोडून काढणार? आता एका ठिकाणी हा शब्द कोर्टात कसा तपासला गेला, ते ऐका.

रायगड किल्ला तुम्हांला ठाऊक आहे. किल्ल्यावर जाताना वाटेत महाड हे गाव लागते. सावित्री नदीच्या काठी ते वसले आहे. आज त्या जिल्ह्याला रायगड जिल्हा म्हणतात. पूर्वी त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. महाडमध्ये एक मोठे तळे आहे. त्याचे नाव चवदार तळे. ते चार ते पाच एकर जागेत पसरलेले आहे. तळ्याला जिवंत झरे आहेत. पावसाचे पाणीही त्यात उतरते. काठाला बांधीव पायऱ्या, चारी बाजूंनी रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरे, असे ते होते.

या तळ्याचे पाणी सवर्ण हिंदू भरत. इतर धर्मांचे लोक भरत. गुरेढोरे पीत. पण ज्यांना त्या वेळी अस्पृश्य म्हणत, त्यांना मात्र पायरीवर उतरता येत नसे. बाजाराला आलेल्या माणसाला भर उन्हात तहान लागली, तरी समोर दिसणारे पाणी त्याचे नव्हते.

1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने किंवा लोकांच्या पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1924 साली, महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला आणि चवदार तळे सर्वांना खुले केले.

आता येथे जरा थांबा. तुमच्यातल्या एखाद्याला वाटेल, संपली गोष्ट. ठराव झाला, तळे खुले झाले. पण तसे झाले नाही. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षे गेली, तरी त्या तळ्याचे पाणी घ्यायला कोणी गेले नाही. का गेले नाही? कारण ज्याच्या शेतावर काम करायचे, ज्याच्या दुकानातून उधार आणायचे, तोच काठावर उभा राहणार. कागद एका हातात धरून दुसऱ्या हाताने भाकरी कशी कमवायची? हे लक्षात ठेवा. इतिहासात ठरावाची तारीख पुस्तकात छापून येते. त्यानंतरची ही मुकी तीन वर्षे मात्र कोणी छापत नाही.

मग 1927 साली 19 आणि 20 मार्चला महाडमध्ये परिषद भरली. अध्यक्ष होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. गावोगावचे लोक पायी चालत आले होते. 20 मार्चला सगळे रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यांच्या मागून हजारो लोकांनी घेतले. काही सवर्ण मंडळीही या कामात त्यांच्या बाजूने उभी होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यांतलेच.

त्यानंतर गावात कोणी उठवून दिले, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काही ठरलेले नव्हते. पण हूल उठली आणि लोक लाठ्या घेऊन धावले. परिषदेला आलेले लोक मांडवात जेवत होते, काही परतीच्या वाटेला लागले होते. त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही. हल्ला करणाऱ्या काही जणांना पुढे कोर्टात शिक्षाही झाल्या. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. दिलेले काढून घेतले.

बाबासाहेबांनी डिसेंबर महिन्यात पुन्हा परिषद बोलावली. ती भरण्याच्या आधीच गावातले काही लोक कोर्टात गेले. त्यांनी दावा लावला आणि तळ्यावर जाऊ नये असा तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी लोकांना समजावले, की दावा कोर्टात आहे, तर आपण कोर्टातच लढू. डिसेंबरमध्ये लोक तळ्याच्या भोवतीने मिरवणुकीने गेले, पण पाण्याला हात लावला नाही. हजारो माणसे जमलेली, पाणी समोर, आणि तरीही हात आवरलेला. आम्हांला विचाराल तर मार्चमधले पाणी पिणे जेवढे अवघड होते, तेवढेच डिसेंबरमधले न पिणे अवघड होते.

आता दाव्यात काय होते ते नीट ऐका. सगळा इतिहास तेथेच आहे.

दावा लावणाऱ्यांचे म्हणणे असे. हे तळे आमचे. अस्पृश्यांनी यातले पाणी घ्यायचे नाही, अशी येथली वहिवाट आहे. आणि ही वहिवाट आजची नाही. कोणालाही आठवत नाही इतक्या जुन्या काळापासून ती चालत आली आहे.

म्हणजे काय? पूर्वीपासून!

कायद्यात अशा जुन्या वहिवाटीला मोठे बळ असे. ती फार पुरातन आहे, ती मध्ये कधी तुटलेली नाही, असे सिद्ध झाले, तर कोर्ट तिला कायद्यासारखीच मानत असे. म्हणून दाव्याचा सारा भार त्या एका शब्दावर पडला. तळे कोणाचे, हा प्रश्न तसा लवकर मिटला. ते नगरपालिकेच्या ताब्यातले, नगरपालिकेच्या मालकीचे, असे ठरले. राहिला तो शब्द. पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?

साक्षीदार आले. अस्पृश्य माणूस तळ्यावर पाणी भरताना आम्ही कधी पाहिला नाही, असे त्यांनी सांगितले. ही साक्ष खोटी नव्हती, हे ध्यानात घ्या. 1927 पूर्वी अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी भरत नव्हते, हे कोर्टानेही मान्य केले. मग दावा लावणारे जिंकले असते, असे वाटते ना?

आता वजाबाकी करू. ते तळे निदान अडीचशे वर्षांचे जुने आहे, हे दोन्ही बाजूंना कबूल होते. 1927 मधून 250 वजा करा. किती राहिले? 1677. शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला तो 1674 साली. म्हणजे महाराज रायगडावर राज्य करीत होते, तेव्हा हे तळे होते. आता असे धरा, की कोर्टात एक ऐंशी वर्षांचा म्हातारा आला. त्याला अगदी दहाव्या वर्षापासूनचे सगळे आठवते. म्हणजे त्याची आठवण सत्तर वर्षांची. अडीचशेतून सत्तर गेले, एकशे ऐंशी उरले. त्या एकशे ऐंशी वर्षांत तळ्यावर कोण पाणी भरत होते आणि कोण नव्हते, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असणे शक्य नाही. त्याच्या बापाने सांगितले असेल, तर ते ऐकलेले झाले. पाहिलेले नव्हे.

बरे, कागद पाहू म्हटले, तर नगरपालिकेचे दप्तर एकोणिसाव्या शतकातले. त्याच्या मागचे काय? तळे कोणी खणले, याचा पुरावा नव्हता. ते सारे खणलेलेच आहे, की मूळचा ओढ्याचा खळगा कोणी मोठा करून बांधून काढला, हेसुद्धा पक्के सांगता येत नव्हते.

पुष्कळदा असे होते, की पन्नास-साठ वर्षांची वहिवाट दिसली, तर कोर्ट म्हणते, ती त्याच्याही आधी तशीच असेल. पण येथे मुंबईच्या हायकोर्टाने तसे धरून चालायला नकार दिला. त्यामागचा विचार साधा आहे. आज तळ्याभोवती सवर्णांची घरे दाटीने उभी आहेत. पण जेव्हा गाव लहान होते, काठाला घरे नव्हती, तळे उघड्या रानात होते, तेव्हा तेथे कोणाला कोण अडवणार? घरे आली, मग पायऱ्या आल्या, मग 'आमचे' आणि 'तुमचे' आले असेल. आजची स्थिती दिसते तशीच मागे नेऊन अडीचशे वर्षांपूर्वीच्या काठावर ठेवता येत नाही.

कोर्टाने निकाल दिला, की पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. दावा खालच्या दोन्ही कोर्टांत फेटाळला गेला होता. हायकोर्टातही अपील फेटाळले गेले. तो दिवस होता 17 मार्च 1937.

आता दुसरी वजाबाकी करा. पाणी घेतले 20 मार्च 1927 ला. निकाल लागला 17 मार्च 1937 ला. किती झाले? दहा वर्षांना तीन दिवस कमी. तुमच्या पुस्तकात ही गोष्ट दोन-तीन ओळींत येते. वाचणाऱ्याला वाटते, बाबासाहेब गेले, पाणी प्याले आणि तळे खुले झाले. दहा वर्षे त्या दोन ओळींत दडून बसतात. ज्या दिवशी परिषदेत पाणी घेतले, त्या दिवशी जन्मलेले मूल निकालाच्या दिवशी तुमच्याएवढे झाले होते.

आम्ही हे सांगत होतो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिने विचारले, "आणि त्यांनी सिद्ध केलं असतं तर?"

फार चांगला प्रश्न विचारलास, बाई. आम्हांला वाटले होते, तो कोणी विचारणार नाही.

एखाद्याला जुने दप्तर सापडले असते, आणि त्यात दोनशे वर्षांपूर्वीची मनाई लिहिलेली असती, तर? तर त्या दाव्याचे काय झाले असते, ते आज सांगता येत नाही. अशी वहिवाट न्यायाची आहे का, लोकांच्या हिताची आहे का, हा प्रश्न कोर्टापुढे उरलाच होता. पण वहिवाट पुरातन ठरली नाही, म्हणून त्या प्रश्नात जाण्याची गरज पडली नाही. म्हणजे हायकोर्टाने असे म्हटले नाही, की माणसाला पाण्यापासून तोडणे चूक आहे. कोर्टाने एवढेच म्हटले, की तुम्ही जे 'पूर्वीपासून' म्हणता, ते तुम्हांला दाखवता आले नाही. हा फरक नीट समजून घ्या. इतिहासाने खोटा दावा उघडा पाडला. पण एखादी गोष्ट जुनी असली, तरी ती बरी की वाईट, हे इतिहास ठरवून देत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

आणि ते ठरले. 26 जानेवारी 1950 ला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या मसुद्याच्या समितीचे अध्यक्ष तेच बाबासाहेब होते. ते महाडच्या दाव्यातले प्रतिवादी. तिच्या 15 व्या कलमात असे आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा वापर करण्यापासून अडवता येणार नाही. मात्र ती ठिकाणे सरकारच्या पैशाने राखलेली किंवा सर्व लोकांसाठी दिलेली असली पाहिजेत. हे ऐकताना तुम्हांला काही आठवले का? 1923 च्या बोले यांच्या ठरावात जवळजवळ हेच होते. विहिरी, पाणवठे, लोकांच्या पैशाने बांधलेले. तेव्हाचा ठराव नगरपालिकेने घ्यायचा आणि नगरपालिकेनेच मागे घ्यायचा, इतका कच्चा होता. आता तेच घटनेत आले. महाडची नगरपालिका जसा ठराव मागे घेऊ शकली, तसे आता कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येत नाही.

घटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ती कोणत्याही रूपाने पाळणे हा गुन्हा ठरला. आणि 13 व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. घटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो. आणि 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि वहिवाटही धरली आहे. म्हणजे आता उद्या कोणी हजार वर्षांचा ताम्रपट घेऊन आला, आणि त्यात तळ्यावर बंदी लिहिलेली असली, तरी तो ताम्रपट संग्रहालयात ठेवायचा. पाणी त्याने अडत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर निकालात नव्हते, ते घटनेत आले. मध्ये तेरा वर्षे गेली.

एवढे सांगून झाल्यावर ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "साहेब, ते महाडचं झालं. आमच्या गावच्या गोष्टी काही कोर्टात जात नाहीत."

आजोबा, तुमचे म्हणणे खरे आहे. म्हणून आता एक लहानशी गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथल्या मंडळींना ते आवडणार नाही.

त्या गावात एका विहिरीवरून दोन आळ्यांत भांडण होते. एका आळीतले म्हणत, ही विहीर आमच्या पणजोबांनी बांधली, पूर्वीपासून आमची आहे. दुसरे म्हणत, सरकारी आहे. उन्हाळ्यात पाणी कमी झाले, की दर वर्षी तंटा. विहिरीच्या तोंडाशी एक दगड होता. त्याला दर दिवाळीला चुना लागत असे. चुन्याचे थर इतके चढले होते, की तो दगड आहे, हेच लोक विसरले होते. शाळेतल्या चार मुलांनी तो धुऊन काढला. आत अक्षरे निघाली. त्यावर जिल्हा लोकल बोर्डाचे नाव होते आणि साल होते 1936. पूर्वी जिल्हा परिषदा नव्हत्या, तेव्हा लोकल बोर्ड गावचे रस्ते, शाळा, विहिरी पाहत असे.

दुसऱ्या आळीला आनंद झाला. सरकारी विहीर, आता बोला! पण मुलांचे गुरुजी शहाणे होते. त्यांनी मुलांना सांगितले, दगड एवढेच सांगतो, की बांधकाम बोर्डाने केले. जमीन कोणाची होती, ते दगड सांगत नाही. मग मुले तलाठ्याकडे गेली. जुन्या फेरफाराच्या वहीत जमिनीची नोंद पाहिली. जमीन एका शेतकऱ्याने विहिरीसाठी दिलेली निघाली. आणि तो शेतकरी होता पहिल्या आळीतला. त्या 'पणजोबांचा' भाऊ.

म्हणजे दोघांचेही थोडे खरे होते आणि दोघांचेही थोडे चुकीचे. पणजोबांनी विहीर बांधली नव्हती. पण त्यांच्या घरच्या माणसाने जमीन दिली होती, आणि ती साऱ्या गावासाठी दिली होती. तंटा तेवढ्याने मिटला का? नाही मिटला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुरबूर झालीच. पण 'आमच्या पणजोबांनी बांधली' हे वाक्य मात्र पुन्हा कोणी तोंडातून काढले नाही. त्याऐवजी दोन्ही आळ्यांनी बसून पाणी भरायच्या वेळा ठरवल्या. त्या पाळतात की नाही, ते आम्हांला ठाऊक नाही.

मुलांनो, तुमच्या गावातही असे करता येईल. गुरुजींची परवानगी आहे, आम्ही आधीच विचारले आहे. गावातली एकच जागा निवडा. विहीर म्हणा, पार म्हणा, एखादी पाणंद म्हणा. आणि तिच्याबद्दल 'कधीपासून' एवढेच शोधा.

म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण साल विचारू नका. आजीला साल विचारले, तर ती बिचारी गोंधळते आणि काहीतरी सांगून टाकते. तिला आठवणीच्या खुणा विचारा. "आजी, ही विहीर 1972 च्या दुष्काळाआधीची, की नंतरची?" हे ती लगेच सांगेल. त्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली असेल. सातारा, कोकण या बाजूला 1967 चा कोयनेचा भूकंप वयस्क माणसे विसरलेली नाहीत. तोही डिसेंबर महिनाच होता, रात्र संपत आली होती, माणसे झोपेतून उठून बाहेर पळाली होती. तुझ्या लग्नाआधी की नंतर, थोरला मुलगा पाळण्यात होता की चालत होता, असे विचारत गेले, की साल आपोआप जवळ येते.

दुसरे असे, की प्रत्येकाला एक प्रश्न जरूर विचारा. "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, की कोणाकडून ऐकलंत?" विचारताना नम्रपणे विचारा, नाहीतर म्हातारा रागावेल. वहीत दोन रकाने करा. पाहिलेले एका बाजूला, ऐकलेले दुसऱ्या बाजूला. ऐकलेले म्हणजे खोटे नव्हे. पण महाडच्या साक्षीदारांची आठवण ठेवा. त्यांनी पाहिलेले खरे होते. त्यांनी न पाहिलेली एकशे ऐंशी वर्षे त्यात मिसळली गेली, तेथे चूक झाली.

तीन माणसांनी अगदी एकसारखे सांगितले, तर हुरळून जाऊ नका. तिघांनी एकाच माणसाकडून ऐकलेले असू शकते. चौकशी करा. एका गावात पाच जण सांगत होते, की पारावरचे झाड दोनशे वर्षांचे आहे. पाचही जणांना ते एकाच कीर्तनकाराने सांगितले होते, आणि तो परगावचा होता!

कागद पाहायचा झाला, तर ग्रामपंचायतीत जुन्या ठरावांच्या वह्या असतात. तलाठ्याकडे गावचा नकाशा आणि फेरफार असतात. तुमच्या याच शाळेत दाखल-खारीज रजिस्टर आहे. त्यात कोणत्या सालापासून कोणाच्या मुली शाळेत येऊ लागल्या, ते दिसते. आमचा अनुभव असा, की गावचा इतिहास शोधायला ही वही सगळ्यांत चांगली, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. कागद वाचताना मात्र तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारत चला. पाणी भरणाऱ्या बाईने ठरावाची वही लिहिलेली नसते.

मागे बसलेले ते आजोबा आता हसत होते. ते म्हणाले, "आमच्या मारुतीच्या देवळामागं पण एक दगड आहे. चुन्यानं पार बुजलाय."

मग पोरांना दाखवा तो, आजोबा. आणि मुलांनो, एक गोष्ट सांगून ठेवतो. चुना खरवडायला खुरपे किंवा चाकू लावू नका. अक्षरे उडून जातात, मग पुन्हा कधी वाचता येत नाहीत. आधी दगडावर ओले फडके ठेवा. चुना चांगला भिजू द्या. नारळाच्या शेंडीने हलक्या हाताने, वरून खाली घासा. अक्षरे पुसट असली, तर सकाळी ऊन तिरपे असताना जा. कडेने उजेड पडला, की खोदलेल्या रेघेत सावली बसते आणि अक्षर दिसू लागते. जेवढे दिसेल तेवढेच वहीत उतरवा. जे दिसत नाही, तेथे मोकळी जागा सोडा. अंदाजाने भरू नका.